दोन चौरस मीटर कुणी सांगितले?

सर, मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हा चौघांचा प्रोजेक्ट म्हणजे गावातल्या बचत गटासाठी कांदा सुकवायचा सोलर ड्रायर. रिपोर्टमधलं प्रॉब्लेम स्टेटमेंट असं आहे: "कांदा नाशवंत असल्याने शेतकऱ्यांचे मोठे नुकसान होते. त्यासाठी कमी खर्चिक, कार्यक्षम, वापरायला सोपा आणि पर्यावरणपूरक सोलर ड्रायर तयार करणे. ड्रायरमध्ये १० किलो कांदा लवकर सुकला पाहिजे व तापमान योग्य राहिले पाहिजे. २ चौरस मीटरचा कलेक्टर, ॲल्युमिनियमचे ट्रे व डीसी पंखा असावा. खर्च १५ हजारांच्या आत असावा." गाइडनी लाल पेनाने लिहिलं, "मेजरेबल नाही. रिक्वायरमेंट आणि कन्स्ट्रेंटची खिचडी. पुन्हा लिहा." पुढच्या वेळी आम्ही सगळीकडे आकडे घातले, तर विचारलं, "हे आकडे आले कुठून?" एवढं खरं आहे की गटाकडे १५ हजारच आहेत, शेडमध्ये वीज नाही, आणि माल घेणाऱ्या मसालेवाल्याला ८ टक्क्यांच्या आत ओलावा हवा आहे. आता नेमकं काय करायचं?

— एक विद्यार्थिनी

तुझ्या गाइडचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोलाचा आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. आकडा कुठून आला हे सांगता आलं की तो रिक्वायरमेंटच्या रकान्यात जातो, कन्स्ट्रेंटच्या रकान्यात जातो की दोन्हींतून बाहेर, हे बरंचसं आपोआप ठरतं. तू उलट्या बाजूने गेलीस. आधी रकाने आखले आणि मग त्यांत भरायला आकडे शोधले. अशा वेळी मुलं एखादा पेपर उघडतात आणि तिथला आकडा उचलतात. तो पेपर कुठल्या तरी प्रयोगशाळेतल्या ड्रायरचा असतो, आणि तुझ्या शेडशी त्याचा काही संबंध नसतो.

तुझ्या परिच्छेदातलं एकच वाक्य घेऊ: "१० किलो कांदा लवकर सुकला पाहिजे." त्यातला "लवकर" सगळ्यांनाच खटकतो, पण मला आधी "१० किलो" खटकतो. हे १० किलो गोणीतले, की सोलून, बुडखे कापून, चिरून ट्रेवर पसरलेले? साल आणि बुडखे यांत वजन चांगलंच जातं. बायका म्हणतील, "आम्ही दहा किलो कांदा घेतला," आणि तू ट्रेवर साडेआठ किलोच तोलशील. म्हणून वाक्यात "सोललेला व चिरलेला" हे दोन शब्द हवेत. कापाची जाडीही हवी. हाताने चिरलेला काप कुठे तीन मिलिमीटर, कुठे आठ. जाड काप आतून ओलाच राहतो आणि मग दोष ड्रायरच्या माथी येतो. "५ मिलिमीटरपर्यंत जाडीचे काप" अशी अट तिथेच लिही.

आता "सुकला". मसालेवाल्याने ८ टक्के सांगितलंय, हा तुझ्याकडचा सगळ्यांत भक्कम आकडा, कारण त्यापेक्षा ओला माल तो परत करणार आहे. पण शेडमध्ये हे ८ टक्के मोजणार कसे? गटाकडे ओलावामापक नाही, तो १५ हजारांत बसणारही नाही. इथे तराजू कामाला येतो. कांद्यात ८६ टक्के पाणी धरलं तर १० किलोत कोरडा ऐवज १.४ किलो. सुकताना पाणी जातं, हा १.४ किलो जात नाही. शेवटी त्याच्यासोबत ८ टक्के पाणी उरायचं असेल तर १.४ म्हणजे एकूण वजनाचे ९२ टक्के. १.४ भागिले ०.९२, म्हणजे १.५२ किलो. दहा किलोचे दीड किलो आणि वर वीस ग्रॅम झाले की माल तयार. हे गटातल्या कुठल्याही बाईला दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बघता येतं, आणि परीक्षेच्या दिवशी तुलाही दाखवता येतं.

यात एक खाच आहे. तोच कांदा ८८ टक्के पाण्याचा निघाला तर कोरडा ऐवज १.२ किलोच. तू १.५२ किलोवर थांबलीस, तर त्यात ०.३२ किलो पाणी उरलेलं असेल, म्हणजे २१ टक्के. असा माल पिशवीत भरलास तर त्याला बुरशी धरायला वेळ लागणार नाही. सुरुवातीच्या ओलाव्यात दोन टक्क्यांची चूक, आणि शेवटी आठाचे एकवीस! कांदा कुठला, हा प्रश्न म्हणूनच प्रॉब्लेम स्टेटमेंटमध्ये येतो. गुजरातेत महुव्याचे कांदा सुकवणारे कारखाने पांढरा कांदा पसंत करतात, त्याचं एक कारण त्यातला जास्त कोरडा ऐवज. तुमच्याकडचा लाल कांदा पाणीदार. तेव्हा गट जो कांदा वापरणार आहे त्याचेच काप घेऊन कॉलेजच्या ओव्हनमध्ये सुरुवातीचा ओलावा मोज. व्हॅक्यूम ओव्हन असेल तर ७० अंशांवर, वजन घटायचं थांबेपर्यंत. घाई म्हणून साध्या ओव्हनमध्ये १०५ अंशांवर ठेवू नकोस. कांद्यात साखर भरपूर असते, ती करपते आणि तिचं घटलेलं वजन तू पाणी म्हणून लिहून बसतेस.

राहिला "लवकर". इथे मसालेवाल्याला विचारून उपयोग नाही, त्याला दोन दिवस काय नि चार काय, सारखंच. हा आकडा बायकांच्या दिवसातून येतो. समज, सकाळची कामं आटपून त्या नऊला चिरायला बसतात आणि साडेनऊ-दहाला ट्रे भरतात. साडेचारनंतर उन्हात दम राहत नाही. म्हणजे दिवसाचे साडेसहा-सात तास. पहिल्या संध्याकाळी अर्धवट सुकलेले काप उघडे राहिले तर रात्रीची दमट हवा शोषून घेतात, म्हणून झाकून ठेवायचे. एक रात्र हे जमतं, दुसऱ्या रात्री वास बदलू लागतो. तेव्हा दोन दिवस ही मुदत धरता येईल. तुझ्या गटाचा दिवस वेगळा असेल तर आकडा वेगळा निघेल, पण निघायला तो तिथूनच हवा.

आणि सोलर ड्रायरला "दोन दिवसांत" एवढंच म्हणून भागत नाही. कुठले दोन दिवस? मार्चातले की जुलैतले? कुठलं ऊन धरलंय ते लिहावं लागतं: "आडव्या पृष्ठभागावर दिवसाला किमान ५ किलोवॅट-तास प्रति चौरस मीटर ऊर्जा मिळेल अशा सलग दोन दिवसांत." नाहीतर ढगाळ दिवशी चाचणी घेऊन कुणीही तुमचा ड्रायर नापास करेल आणि तुम्हाला बोलता येणार नाही. उलटही होतं. तुम्ही एप्रिलच्या रणरणत्या उन्हात चाचणी घ्याल, पास व्हाल, आणि जानेवारीत बायकांचा कांदा ओला राहील.

या "कुठल्या परिस्थितीत" मुळे मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलो आहे. एका कारखान्यासाठी माल वाहायची ट्रॉली केली होती. स्पेसिफिकेशनमध्ये होतं, "एका माणसाला सहज ढकलता आली पाहिजे." आमच्या शॉपमधल्या गुळगुळीत जमिनीवर मीच ढकलून पाहिली, तेव्हा माझं वजन ऐंशी किलो. गेली सरळ. गिऱ्हाइकाकडे जमीन फरशीची, मध्ये गटाराच्या जाळ्या, आणि ट्रॉली ढकलणाऱ्या बायका. सहाच्या सहा ट्रॉल्या परत आल्या. त्यानंतर आम्ही लिहायला लागलो, "पूर्ण भाराने, गिऱ्हाइकाच्या जमिनीवर, थांबलेली ट्रॉली सुरू करायला २०० न्यूटनपेक्षा जास्त जोर लागू नये, स्प्रिंग बॅलन्स लावून मोजावा." वाक्य लांबलं खरं, पण त्यावर पुन्हा भांडण झालं नाही.

तुझ्या "वापरायला सोपा"चं हेच करायचं आहे. बायकांना ट्रे भरताना बघ. काय अवघड जातं? भरलेला ट्रे उचलणं, आणि वरचा ट्रे खांद्याच्या वर असेल तर तो सरकवणं. म्हणजे दोन आकडे पुरतात: भरलेल्या ट्रेचं वजन आणि सगळ्यांत वरच्या ट्रेची जमिनीपासून उंची. उंची पुस्तकातून घेऊ नकोस, गटातल्या सगळ्यांत बुटक्या बाईच्या खांद्यापर्यंत टेप लाव.

"कार्यक्षम" आणि "पर्यावरणपूरक" सरळ काढून टाक. मी "कार्यक्षम" काढ म्हटलं की मुलं दचकतात, जणू इंजिनिअरिंगच काढायला सांगितलं. पण ड्रायरची कार्यक्षमता २५ टक्के आहे की ३५, याने गटातल्या बाईला काही फरक पडत नाही. तिला दोन दिवसांत दीड किलो हवा. कार्यक्षमता तुला लागते, कलेक्टरचा आकार काढायला. तिची जागा डिझाइनच्या प्रकरणात. शेतकऱ्यांच्या नुकसानीचं पहिलं वाक्यही असंच. दहा किलोच्या ड्रायरने बाजार पडल्याचं नुकसान भरून निघत नाही. समस्या गटाची आहे, मागणी हातात असून माल सुकवता न येण्याची, तेवढीच लिही.

आता खिचडी. मी वापरतो ती कसोटी अगदी साधी आहे: वाक्यासमोर "असं कुणी सांगितलं?" हा प्रश्न लिहायचा आणि खरं उत्तर द्यायचं. ड्रायरने काय करून दाखवायचं हे वापरणारा किंवा माल घेणारा सांगत असेल, तर ती रिक्वायरमेंट. ड्रायर कुठल्या चौकटीत बसवायचा, हे आपल्या हाताबाहेरचं कुणी किंवा काही ठरवत असेल, तर ते कन्स्ट्रेंट. आणि उत्तर "आम्हीच" असं आलं, तर ते या दोन्हींत बसत नाही, ते तुमचं उत्तर आहे, प्रश्नात शिरलेलं.

या कसोटीवर तुझा परिच्छेद लाव. १५ हजार कुणी सांगितले? गटाने, त्यांच्याकडे तेवढेच आहेत. कन्स्ट्रेंट. डीसी पंखा कुणी सांगितला? तुम्हीच. पण तुम्हाला तो का सुचला? शेडमध्ये वीज नाही म्हणून. हे "वीज नाही" खरं कन्स्ट्रेंट आहे, आणि तुझ्या परिच्छेदात तेच लिहिलेलं नाही! त्याच्या जागी त्याचं एक संभाव्य उत्तर बसलंय. मूळ अट लिहिलीस की पंख्याशिवाय, नुसत्या धुराड्याच्या ओढीने हवा खेळवणारा ड्रायरही विचारात घेता येतो, आणि त्यात पंखा आणि तो चालवणाऱ्या सोलर पॅनेलचे पैसे वाचतात. ॲल्युमिनियमचे ट्रे? तेही तुम्हीच. त्यामागची खरी अट अशी की कांद्याला लागणारा प्रत्येक पृष्ठभाग खाद्यपदार्थांना चालणारा हवा. हे गट विकायचा माल करतो म्हणून अन्नसुरक्षेच्या नियमांतून येतं. ॲल्युमिनियम घ्यायचं, स्टेनलेस स्टीलची जाळी घ्यायची की आणखी काही, ते पुढे ठरव.

आणि २ चौरस मीटरचा कलेक्टर? तोही तुम्हीच. पण त्याच्याकडे जरा थांबून बघू, कारण वेगळं मांडण्याचा खरा फायदा इथे दिसतो. १० किलोचे १.५२ करायचे म्हणजे ८.४८ किलो पाणी उडवायचं. या तापमानाला एक किलो पाण्याची वाफ करायला साधारण २.४ मेगाज्यूल लागतात, म्हणजे एकूण २०.४ मेगाज्यूल, किलोवॅट-तासांत ५.६५. साध्या ड्रायरची एकूण कार्यक्षमता २५ टक्के धरू. एक चौरस मीटरवर दिवसाला ५ किलोवॅट-तास पडतात, त्यांतले कामाचे १.२५. दोन चौरस मीटर आणि दोन दिवस मिळून ५. हवेत ५.६५. म्हणजे तुम्ही रिपोर्टच्या पहिल्या पानावर लिहिलेला कलेक्टर त्याच पानावरचं काम करू शकत नाही. काठावर २.२६ चौरस मीटर लागतात. शिवाय दुसऱ्या दिवशी कापातलं पाणी आतून सावकाश येतं आणि बरीचशी ऊर्जा गरम हवेबरोबर वाया जाते, म्हणून मी अडीचच्या खाली जाणार नाही. कलेक्टर दक्षिणेकडे तिरपा ठेवलात तर हिवाळ्यात थोडं जास्त पदरात पडेल, पण त्या भरवशावर आकार कमी करू नका.

मूळ परिच्छेदात हा विरोध दिसत नव्हता, कारण "लवकर" आणि "२ चौरस मीटर" कधी आमनेसामने आलेच नव्हते. आता आले. आणि कुठलं सोडायचं हेही कळलं: कलेक्टरचा आकार तुमचा, म्हणून तो वाढवायचा. दोन दिवस गटाचे आहेत, ते वाढवायचे तर गटाला विचारून. मुलांचं बहुतेक वेळा उलटं होतं. कलेक्टर बनवून झालेला असतो, म्हणून रिपोर्टमध्ये दोनाचे तीन दिवस होतात.

तापमानाचं वाक्य अवघड आहे आणि त्यावर तुझ्या गाइडचं मत माझ्यापेक्षा वेगळं असू शकेल. काटेकोर बघितलं तर गटाला तापमान नकोच आहे. त्यांना काप तांबूस-तपकिरी न होता, तिखट वासासकट हवा आहे. रंग आणि वास ही रिक्वायरमेंट, तापमान हा तिथे जायचा मार्ग. पण रंग मोजायचं यंत्र तुमच्याकडे नसणार, आणि "रंग चांगला असावा" लिहिलं की पुन्हा लाल पेन. म्हणून मी तापमानाची वरची सीमा रिक्वायरमेंट म्हणून लिहीन, आणि कारणही तिथेच लिहीन: "कापांचा रंग टिकावा यासाठी ट्रेवरील हवेचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये." थर्मोकपल कुठे आणि कधी लावायचं, हे मात्र विसरू नकोस. पहिल्या दिवशी काप ओले असतात, पाणी उडताना ते स्वतःला थंड ठेवतात आणि आजूबाजूची हवाही उतरते. त्या दिवशीचे आकडे बघून तुम्ही खूश व्हाल. कांदा करपतो दुसऱ्या दिवशी दुपारी, जेव्हा उडायला पाणी उरलेलं नसतं आणि ऊन तेवढंच असतं. थर्मोकपल गरम हवा आत शिरते त्याच्या सगळ्यांत जवळच्या ट्रेवर हवं, आणि मोजणी दुसऱ्या दिवशी बारा ते तीन.

खर्चाबद्दल एक प्रश्न हमखास येतो. कमी खर्च ही रिक्वायरमेंट की कन्स्ट्रेंट? १५ हजारांची रेघ कन्स्ट्रेंट आहे, तिच्यापलीकडे गेलेलं डिझाइन कितीही सुंदर असलं तरी बाद. रेघेच्या आत जितकं स्वस्त तितकं बरं, ही दोन डिझाइनची तुलना करायची कसोटी, ती निवडीच्या तक्त्यात जाते. "कमी खर्चिक" हा शब्द या दोन्ही गोष्टी एकत्र ढकलतो, म्हणून तो काढ.

एक कन्स्ट्रेंट तुझ्या पत्रात नाही, पण मला खात्री आहे की ते आहे. पावसाळ्यात हा ड्रायर कुठे ठेवणार? शेडमध्ये किंवा कुणाच्या तरी खोलीत. त्या दाराची रुंदी मोजलीस का? समजा ८५ सेंटिमीटर निघाली. मग सुटा होणारा कुठलाही भाग ८० सेंटिमीटरपेक्षा रुंद चालणार नाही, आणि तुझा अडीच चौरस मीटरचा कलेक्टर एका तुकड्यात केलास तर तो तीन मीटरहून लांब होईल. त्याचे तीन पॅनेल करून जोडावे लागतील. पत्र्याची चादर आठ बाय चार फुटांची मिळते, तेव्हा कापणीचा हिशेबही आत्ताच कर. ऐनवेळी तोडफोड करून ड्रायर आत नेलेला मी पाहिला आहे.

एवढं झाल्यावर मी तुझं प्रॉब्लेम स्टेटमेंट असं लिहीन. रिपोर्ट इंग्रजीत असेल, तिथे रिक्वायरमेंटच्या प्रत्येक वाक्यात "शॅल" ठेव. अभियांत्रिकीत बंधनकारक वाक्य ओळखायची ती रूढ खूण आहे, आणि रिक्वायरमेंट लिहिण्याबद्दलचं आयएसओ २९१४८ हे मानकही तोच रिवाज पाळतं.

"समस्या: गावातील महिला बचत गटाला सुकवलेल्या कांद्याची मागणी आहे. गटाच्या शेडमध्ये, तेथील उन्हावर, खरेदीदाराला चालेल इतका कोरडा माल तयार करण्याचे साधन गटाकडे नाही.

रिक्वायरमेंट
रि-१. सोललेल्या व ५ मिमीपर्यंत जाडीच्या १० किलो कांदा-कापांचा ओलावा ८ टक्क्यांपर्यंत (ओल्या वजनावर) उतरवावा. स्रोत: खरेदीदार. तपासणी: सुरुवातीच्या मोजलेल्या ओलाव्यावरून काढलेले अंतिम वजन, १० ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर.
रि-२. हे काम दिवसाला किमान ५ किलोवॅट-तास प्रति चौ. मी. ऊन असलेल्या सलग दोन दिवसांत, सकाळी १० ते दुपारी ४.३० या वेळात पूर्ण व्हावे. स्रोत: गटातील महिला.
रि-३. ट्रेवरील हवेचे तापमान ६० अंशांच्या वर जाऊ नये. स्रोत: रंग टिकवण्याची गटाची अपेक्षा. तपासणी: हवेच्या प्रवेशाजवळचा ट्रे, दुसरा दिवस, १२ ते ३.
रि-४. भरलेल्या एका ट्रेचे वजन व सर्वांत वरच्या ट्रेची उंची: ठरायची आहे. गटासोबत चाचणी घेऊन, पुढील आढाव्यापूर्वी.

कन्स्ट्रेंट
क-१. साहित्य व मजुरीसह खर्च ₹१५,००० पर्यंत. (गट)
क-२. शेडमध्ये वीजजोडणी नाही. (जागा)
क-३. कांद्याला स्पर्श करणारे सर्व पृष्ठभाग खाद्यपदार्थांसाठी योग्य. (अन्नसुरक्षा नियम)
क-४. सुट्या भागाची रुंदी ८० सेंमीपर्यंत. (खोलीचे दार, मोजून निश्चित करणे)"

रि-४ मध्ये मी आकडा घातलेला नाही, हे मुद्दाम. मला तो माहीत नाही आणि अजून तुलाही नाही. "ठरायचे आहे" असं लिहून कोण, कसं, कधी ठरवणार हे पुढे लिहिणं चालतं, कारखान्यांतही हेच चालतं. रिकामी जागा भरायला "४ किलो" लिहिलंस तर गाइड तोच प्रश्न विचारतील आणि तू पुन्हा अडकशील. तसंच ७.८५ टक्के असले आकडे लिहू नकोस. तुझ्या काट्याला आणि ओव्हनला तेवढं कळत नाही.

या कागदावर कलेक्टर, पंखा, ट्रेचा धातू यांतलं काही दिसत नाही, म्हणून तुमच्यातला कुणीतरी म्हणेल, "मग आपलं डिझाइन कुठे गेलं?" ते पुढच्या प्रकरणात गेलंय, आणि तिथे आता त्याच्या अडीच चौरस मीटरला रि-१ आणि रि-२ कडे बोट दाखवता येतं.

रविवारी गावात जाशील तेव्हा काटा, टेप आणि त्यांच्याच गोणीतले चार कांदे एवढं बघ. कांदे सीलबंद डब्यात आण, पिशवीत दिवसभर फिरवू नकोस.

ता. क. मसालेवाल्याला एकदा फोन करून विचार, त्याचे ८ टक्के ओल्या वजनावर, म्हणजे पाण्यासकट एकूण वजनावर, की कोरड्या, म्हणजे नुसत्या कोरड्या ऐवजाच्या वजनावर? कोरड्यावर धरत असेल तर तुझ्या हिशेबात ते ७.४ होतात, आणि १.५२ किलोच्या जागी १.५१ वर थांबावं लागेल. दहा ग्रॅमचाच फरक, तुझ्या काट्याच्या शेवटच्या आकड्याएवढा. पण सुरुवातीचा ओलावा लिहिताना हीच गफलत झाली तर खैर नाही. ८६ टक्के ओल्या वजनावरचे कोरड्या वजनावर ६१४ टक्के होतात.